अँजिओग्राफी नॉर्मल, तरीही अँजायना

मोबाइलवर फिरणारा मजकूर असा आहे: "अँजिओग्राफी नॉर्मल आली ना? मग हृदय ठणठणीत आहे. छातीत दुखतंय ते गॅसने, नाहीतर टेन्शनने. बायकांना पाळी जायच्या वयात असं होतंच. हृदयाच्या गोळ्या बंद करा, त्यांची गरज नाही."

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू. अँजिओग्राफीत हृदयाच्या धमन्यांमध्ये डाय सोडतात आणि ती कशी वाहते ते एक्स-रेवर बघतात. त्यात साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड वाहिन्या नीट दिसतात. त्याखालचं बारीक वाहिन्यांचं जाळं दिसत नाही. हृदयाच्या स्नायूला किती रक्त द्यायचं हे मात्र मुख्यतः तेच जाळं ठरवतं. जिना चढताना या सूक्ष्म वाहिन्या रुंदावतात आणि पुरवठा तीन-चार पटींनी वाढतो. त्या पुरेशा रुंदावल्या नाहीत, किंवा उलट आकसल्या, तर स्नायूला रक्त कमी पडतं आणि छातीत दुखतं. हाच मायक्रोव्हॅस्क्युलर अँजायना. म्हणजे रिपोर्टवरचं 'नॉर्मल' खोटं नाही, ते फक्त मोठ्या धमन्यांपुरतं आहे. हमरस्ता मोकळा दिसला म्हणून गल्लीबोळही मोकळे असतील असं नाही.

आणि हे जाळं दिसत नसलं तरी मोजता येतं. उदाहरणादाखल ५६ वर्षांची एक बाई घेऊ. पाळी जाऊन पाच वर्षं झालेली, रक्तदाब आहे, चढ चढताना छाती आवळते. अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही. डॉक्टर तिथेच, अँजिओग्राफी होते त्या कॅथ लॅबमध्ये, धमनीत केसासारखी बारीक वायर सरकवतात. तिच्या टोकाशी दाब आणि तापमान मोजणारा सेन्सर असतो. मग नळीतून थोडं साधं सलाईन झटकन सोडतात आणि ते सेन्सरपर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते बघतात. समजा, स्वस्थ असताना सरासरी ०.९ सेकंद लागले. आता ॲडेनोसिन देऊन वाहिन्या जास्तीत जास्त रुंदावायला लावायच्या आणि पुन्हा मोजायचं. निरोगी हृदयात हा वेळ ०.२५ सेकंदापर्यंत खाली येईल, म्हणजे प्रवाह साडेतीन पटींहून जास्त वाढला. या बाईत तो ०.६ वरच अडला. ०.९ भागिले ०.६, म्हणजे जेमतेम दीडपट. दोनपेक्षा कमी आकडा आला की गरजेला प्रवाह वाढवण्याची राखीव क्षमता घटली असं धरतात.

दुसरा आकडा अडथळ्याचा. ॲडेनोसिनच्या वेळी वायरच्या टोकाशी दाब ८० होता, त्याला ०.६ ने गुणलं की ४८ येतात. २५ आणि त्यापुढे गेलं की सूक्ष्म वाहिन्यांत अडथळा जास्त आहे. महाधमनीतला दाब त्याच वेळी ८४ होता, म्हणजे मोठ्या धमनीत दाब जवळपास पडलेलाच नाही. अडचण कुठे आहे, हे या दोन आकड्यांनी सांगितलं. कॅथ लॅबशिवाय स्ट्रेस पेट स्कॅन किंवा स्ट्रेस एमआरआयनेही अंदाज येतो, पण आकसण्याचा प्रकार त्यात पकडता येत नाही. त्यासाठी धमनीत ॲसिटिलकोलीन थोडंथोडं वाढवत देतात. मोठी धमनी फारशी न आकसता नेहमीचं दुखणं सुरू झालं आणि ईसीजीही बदलला, तर आकसणं सूक्ष्म वाहिन्यांत आहे.

आता गॅस आणि टेन्शन. ॲसिडिटीनेही छातीत दुखतं, हे खरं. स्नायू दुखावल्यानेही दुखतं, आणि ॲनिमिया किंवा थायरॉइडने अँजायना वाढतो. हे सगळं तपासायलाच हवं. पण तपासणं वेगळं आणि अँजिओग्राफी नॉर्मल आली म्हणून उरलेलं लेबल चिकटवणं वेगळं. या दुखण्याची एक चाल असते. श्रमाने सुरू होतं, पण थांबल्यावर लगेच जात नाही. दहा मिनिटं, कधी त्याहून जास्त रेंगाळतं. जिभेखालची गोळी उशिरा किंवा अर्धवटच लागू पडते. सोबत धाप आणि थकवा. ट्रेडमिलवर ईसीजी बदलला आणि अँजिओग्राफी स्वच्छ आली की त्या बदलाला 'फॉल्स पॉझिटिव्ह', म्हणजे खोटा इशारा, म्हणून सोडून देतात. माझ्या मते सगळ्यात जास्त रुग्ण इथेच निसटतात. टेन्शनचं म्हणाल तर मानसिक ताणाने सूक्ष्म वाहिन्या खरोखर आकसतात. त्यामुळे भांडणानंतर दुखलं, यावरून दुखणं मनाचं आहे हे सिद्ध होत नाही.

चौथ्या वाक्यातला 'बायकांना' हा भाग बरोबर आहे, 'होतंच' हा नाही. डेन्मार्कमध्ये अँजायनासाठी अँजिओग्राफी झालेल्या ११ हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ठळक ब्लॉकेज न सापडलेल्या स्त्रिया ६५ टक्के होत्या, पुरुष ३२ टक्के. या सगळ्यांना सूक्ष्म वाहिन्यांचाच आजार होता असं नाही, पण कोणाच्या बाबतीत 'नॉर्मल' हा शेवटचा शब्द ठरतो ते कळतं. कारणं अजून पूर्ण उलगडलेली नाहीत. इस्ट्रोजेनमुळे वाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नीट सुटतं आणि वाहिनी सैलावते. पाळी गेल्यावर हा आधार जातो. त्याच सुमारास रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल वर जातात. गरोदरपणात बीपी वाढून प्रीएक्लॅम्प्सिया झाला असेल, किंवा ल्युपस, संधिवात असेल, तर धोका आणखी वाढतो. म्हणून संप्रेरकांच्या गोळ्या घ्या, असा मात्र निष्कर्ष निघत नाही. हृदयाच्या बचावासाठी त्या देत नाहीत.

हे निरुपद्रवीही नाही. अमेरिकेतल्या वाइज अभ्यासात छातीत दुखणाऱ्या पण धमन्या नॉर्मल असलेल्या स्त्रियांमध्ये हृदयविकाराच्या घटनांचं प्रमाण, तक्रार नसलेल्या स्त्रियांच्या तुलनेत तिपटीच्या आसपास होतं.

गोळ्या बंद करण्याचा सल्ला सगळ्यात घातक. नाडी मंद करणारा बीटा ब्लॉकर अचानक सोडला तर अँजायना उसळतो. आधी प्रकार ठरवायचा, मग गोळी. आपल्या उदाहरणातल्या बाईची राखीव क्षमता घटलेली आहे, म्हणून बीटा ब्लॉकर आधी. नाडीचे ठोके कमी झाले की स्नायूची मागणी कमी होते. वाहिन्या आकसण्याचा प्रकार असता तर त्या सैल करणारा कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर दिला असता, आणि तिथे बीटा ब्लॉकर उलटूही शकतो. गरजेप्रमाणे स्टॅटिन, रक्तदाबासाठी एसीई इनहिबिटर, आणि तेवढ्याने भागलं नाही तर रॅनोलाझिन किंवा निकोरँडिल ही अँजायनाची औषधं. दिवसभर चालणारी नायट्रेटची गोळी इथे अनेकदा निराशा करते. देखरेखीखाली हळूहळू वाढवलेला व्यायाम आणि तंबाखू सोडणं हेही उपचाराचेच भाग.

प्रकार ओळखून औषध दिल्याने फरक पडतो का? ग्लासगोच्या कॉर्मिका चाचणीत (२०१८) १५१ रुग्णांची वर सांगितलेली मोजमापं झाली. निम्म्यांचे आकडे डॉक्टरांना दाखवले, उरलेल्यांचे लपवले. सहा महिन्यांनी आकडे पाहून उपचार झालेल्यांना अँजायनाचा त्रास कमी होता आणि जगणं सुसह्य. हार्ट अटॅक किंवा मृत्यू कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही; एवढ्या छोट्या चाचणीत ते दिसणंही कठीण. औषधांनी दुखणं नेहमी पूर्ण जातं असंही नाही.

विश्रांतीतही दुखणं वीस मिनिटांत थांबत नसेल किंवा घाम फुटत असेल, तर जुना नॉर्मल रिपोर्ट हातात असला तरी थेट रुग्णालय गाठायचं. आणि अँजिओग्राफी अजून व्हायची असेल तर टेबलावर जाण्याआधीच विचारायचं: ब्लॉकेज सापडलं नाही तर वायरची तपासणी आणि ॲसिटिलकोलीन चाचणी त्याच वेळी करणार का? सगळीकडे ही सोय नसते. नंतर पुन्हा नळी घालण्यापेक्षा, सोय कुठे आहे ते आधी शोधलेलं बरं.