गणपूर्तीअभावी वार्षिक सभा पुढे ढकलण्याबाबत खुलासा

“सणामुळे बरेच सभासद गावी आहेत, गणपूर्ती होणार नाही, म्हणून सचिवांनी वार्षिक सभा दिवाळीनंतर ठेवली आहे. नियमच तसा आहे.”

महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांना असा नियम नाही. सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 75 प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यावी लागते, आणि पुरेशा कारणाविना ती न घेतल्यास जबाबदार पदाधिकारी पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरू शकतात.

आदर्श उपविधींनुसार एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्ती होय. समजा, 56 सभासदांच्या संस्थेची सभा 20 सप्टेंबरला सकाळी दहाला आहे आणि साडेदहापर्यंत 13 जणच आले. तर सभा तहकूब होते, आणि मूळ सूचनेत तशी वेळ दिली असल्यास त्याच दिवशी अकरा वाजता, अन्यथा 7 ते 30 दिवसांतील अध्यक्षांनी ठरवलेल्या दिवशी, पुन्हा भरते. त्या तहकूब सभेत गणपूर्ती नसली तरी मूळ विषयपत्रिकेवरील कामकाज करता येते. नवा विषय मात्र घेता येत नाही.

अनुपस्थिती सभेच्या वेळीच मोजली जाते, आधी अंदाजाने नव्हे. त्यामुळे सचिवांनी 14 पूर्ण दिवसांची सूचना तहकूब सभेच्या वेळेसह काढावी. हिशेब आणि लेखापरीक्षण अहवाल पाहण्याचा सभासदांचा हक्क दिवाळीपर्यंत लांबवणे मला अत्यंत अयोग्य वाटते.