सरासरी घसरली म्हणजे प्रेक्षक बिघडले का?

"सगळ्या कमेंट्स त्यांचा सूर ओळखून गुण देणाऱ्या सेंटिमेंट टूलमधून काढा. रोजच्या गुणांची सरासरी घसरली की प्रेक्षक बिघडले असं समजा. कमेंट्स वाचत बसायची गरजच नाही."

यूट्यूब वाहिनीसाठी दिवसागणिक सरासरी काढणे मुळातच फसवे आहे, कारण तीत नव्या आणि जुन्या व्हिडिओंखालच्या कमेंट्स एकत्र मोजल्या जातात. पहिल्या काही तासांत बहुधा नेहमीचे सबस्क्रायबर लिहितात. पुढे यूट्यूबच्या शिफारशींमुळे अनोळखी लोक येतात आणि त्यांना वाहिनीचा जिव्हाळा नसतो. अशा वेळी एकाही जुन्या प्रेक्षकाचे मत न बदलता सरासरी खाली येते. म्हणून प्रत्येक व्हिडिओच्या पहिल्या चोवीस तासांची तुलना आधीच्या व्हिडिओंच्या पहिल्या चोवीस तासांशीच करावी, आणि एकाच खात्याच्या दहा कमेंट्स एकच धराव्यात.

घसरण किती कमेंट्सवर मोजली, हेही पाहावे लागते. समजा, एका पाककृतींच्या वाहिनीवर साधारण २० टक्के कमेंट्स नकारात्मक असतात आणि नव्या व्हिडिओखाली ४० पैकी १२, म्हणजे ३० टक्के, तशा आल्या. आकडा दीडपट दिसतो. प्रत्यक्षात फरक चार माणसांचा आहे. चाळीस कमेंट्समध्ये निव्वळ योगायोगानेही हे प्रमाण साधारण ७ ते ३३ टक्क्यांच्या दरम्यान हलू शकते. चारशे कमेंट्समध्ये मात्र तोच पट्टा १६ ते २४ टक्के इतका अरुंद होतो, आणि तेथे आलेले ३० टक्के दुर्लक्षून चालणार नाहीत.

राहिला प्रश्न वाचण्याचा, आणि दाव्याचा सर्वांत कच्चा भाग हाच आहे. टूल नेहमी सारख्याच प्रमाणात चुकत असेल, तर बदल ओळखण्यात फारसे बिघडत नाही. झणझणीत मिसळीखालच्या ‘जाळ अन् धूर संगटच’ला ते दर आठवड्याला नकारात्मक ठरवत असेल, तर ठरवू द्यावे. (इंग्रजी शब्दसूचीवर चालणारे व्हेडर हे टूल तर इमोजी नसलेल्या देवनागरी कमेंटला शून्य गुण देऊन मोकळे होते; ते येथे वापरूच नये.) पण प्रेक्षक चिडतात तेव्हा चुकांचे प्रमाणच बदलते, कारण मराठी माणूस रागावला की बऱ्याचदा उपरोधावर उतरतो. ‘अभिनंदन! दहा मिनिटांत सात मिनिटे जाहिरात, कमालच केलीत’ ही कमेंट टूलच्या लेखी कौतुकाची ठरू शकते. प्रायोजित व्हिडिओंवर अशा कमेंट्स वाढल्या, तर नाराजी वाढत असताना गुणही वाढलेले दिसतील.

त्यामुळे गुणांच्या आलेखाने इशारा दिला की, आणि प्रायोजित व्हिडिओनंतर तर इशाऱ्याविनाही, नव्या कमेंट्समधून शंभर आणि महिन्याभरापूर्वीच्या शंभर यादृच्छिक निवडाव्यात, तारखा झाकून एका माणसाला त्यांचा कल ठरवायला सांगावा आणि टूल दोन्ही गठ्ठ्यांत किती वेळा चुकले ते मोजावे. नव्या गठ्ठ्यात चुका ठळकपणे वाढल्या असतील, तर त्या काळातला आलेख बाजूला ठेवून माणसाने लावलेले कलच ग्राह्य धरावेत.