आधी पाणी की आधी एस्प्रेसो? जळतबिळत काही नाही

"अमेरिकानोमध्ये एस्प्रेसोवर उकळतं पाणी पडतं म्हणून कॉफी जळते आणि कडू होते. लाँग ब्लॅकमध्ये पाणी आधी असतं म्हणून क्रेमा, म्हणजे वरचा फेस, टिकतो, आणि खरी चव सगळी क्रेमातच. म्हणूनच लाँग ब्लॅक जास्त स्ट्राँग." असं म्हणणारे बरेच भेटतात.

आधी ते जळण्याचं बघू. बिया रोस्ट होतात २०० अंशांच्या वर, मशीन एस्प्रेसो काढतं तेच मुळी ९० ते ९६ अंशांच्या पाण्याने, ९ बारच्या आसपास प्रेशर देऊन, मग तसंच गरम पाणी कपात परत भेटलं तर नवीन काय जळणार? कडू लागतंय ना, मग शॉट, म्हणजे मशीनमधून निघालेला एस्प्रेसो, बघा. दळण फार बारीक झालं आणि शॉट रेंगाळला, किंवा रोस्टच डार्क आहे, बहुतेक वेळा यातलंच काहीतरी निघतं. पाणी घालायच्या आधी तोच शॉट चमचाभर चाखा, तिथेच कडू असेल तर बिचाऱ्या पाण्याला कशाला बोल लावायचा.

तापमानाचा फरक पडतो, पण वेगळ्या कारणाने. लाँग ब्लॅकमध्ये पाणी आधी कपात जातं, शॉट पडेपर्यंत अर्धा मिनिट तसंच थांबतं, कप त्यातली उष्णता ओढून घेतो आणि पेय जरा कमी गरम मिळतं. अमेरिकानोत गरम पाणी शेवटी पडतं, तो जास्त गरम असतो, आणि तोंड भाजेल इतक्या गरम कॉफीत गोडवा आंबटपणा काही धड कळत नाही. दोन-तीन मिनिटं थांबा, हा फरक बराचसा जातो.

आता क्रेमा. ताज्या रोस्टमध्ये कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो, प्रेशरखाली तो पाण्यात विरघळतो आणि बाहेर पडताना बारीक बुडबुडे होतात, त्यांच्याभोवती कॉफीतले तेलाचे थेंब नि अगदी बारीक कण चिकटतात, झाला क्रेमा. वरून पाण्याची धार मारली की हे बुडबुडे फुटतात, विखुरतात, रंग फिका पडतो. शॉट पाण्यावर आला तर द्रव भाग पाण्यापेक्षा जड म्हणून खाली उतरतो आणि फेस वर राहतो. म्हणजे लाँग ब्लॅकचा क्रेमा जास्त टिकतो हे बरोबर आहे, यावर माझं भांडण नाही. फक्त कप थेट स्पाउटखाली ठेवायचा, उंचावरून नाही. शॉट आधी छोट्या जगमध्ये काढून मग ओतलात तर निम्मा क्रेमा जगच्याच भिंतीला, मग क्रमाचा एवढा आटापिटा कशासाठी केला?

पण "खरी चव क्रेमातच" हे कुठून आलं देव जाणे. चमच्याने नुसता क्रेमा काढून चाखून बघा, कडवट, कोरडा, थोडा राखेसारखा लागतो, कारण त्यात ते बारीक कण भरलेले असतात. सुगंध नाकाशी येतो आणि पहिल्या घोटाला जरा भरीवपणा येतो, हे त्याचं खरं काम. आणि जाड क्रेमा म्हणजे भारी कॉफी असंही नाही, रोबस्टा जातीच्या बिया मिसळल्या की क्रेमा आपोआप जाड होतो.

स्ट्राँगचं तर साधं गणित आहे. समजा १८ ग्रॅम पावडरीतून ३६ ग्रॅम एस्प्रेसो काढला आणि त्यात ९ टक्के कॉफी विरघळलेली आहे, म्हणजे सव्वातीन ग्रॅमच्या जवळपास. १०० ग्रॅम पाण्यात तो घातला की एकूण १३६ ग्रॅममध्ये साधारण २.४ टक्के होतं, २०० ग्रॅम पाण्यात घातला तर १.४ च्या जवळ. पाणी आधी घाला नाहीतर नंतर, हे आकडे तेच राहतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या लाँग ब्लॅकमध्ये डबल शॉटला पाणी बहुतेक १०० ते १२० मिलीच असतं, आणि अमेरिकानो कित्येक ठिकाणी मोठ्या कपात त्याच शॉटवर दुप्पट पाणी घालून देतात. लोक या दोन कपांची तुलना करतात आणि श्रेय क्रमाला देऊन मोकळे होतात.

खात्री करायची असेल तर दोन्ही कपांत एकाच दळणाचे वजन करून काढलेले शॉट आणि १०० ग्रॅमच पाणी, कप आधी गरम केलेले, आणि चाखायच्या आधी दोन्ही नीट ढवळा. ढवळणं महत्त्वाचं, कारण न ढवळलेल्या लाँग ब्लॅकमध्ये पहिल्या घोटात क्रेमाच जास्त येतो आणि तळाशी कॉफी दाट राहू शकते, मग वरवर "कडक" वाटतं. डोळे मिटून चाखा, कप दुसऱ्याने हातात द्यावेत, क्रेमा दिसला की डोकं आधीच निकाल लावून बसतं. आणि बिया रोस्ट होऊन महिने झाले असतील तर या चाचणीच्या भानगडीत पडूच नका, तशा शॉटवर टिकवण्यासारखा क्रेमा मुळात येतच नाही.