पर्सनल लोन मुदतीआधी बंद करताय? आधी उरलेलं व्याज बघा

चवथीचा बोनस आला, बोटीवरचा भाऊ घरी परतला किंवा एखादी एफडी पिकली की अनेकांचा पहिला विचार असतो, पर्सनल लोन एकदाचं मिटवून टाकूया. माझं मत थोडं वेगळं आहे. कर्जाचं शेवटचं वर्ष चालू असेल तर बहुतेकदा ते मिटवू नये. आणि मिटवायचंच तर महिन्याचा हप्ता कापला गेल्यावर लगेच मिटवावं.

समजा ५ लाखांचं कर्ज, १४ टक्के व्याज, मुदत ५ वर्षं. हप्ता साधारण ११,६३४ रुपये. २४ हप्ते भरल्यावर मुद्दल उरतं सुमारे ३,४०,४०० आणि पुढचं व्याज सुमारे ७८,४००. मुदतीआधी कर्ज बंद करण्याचा, म्हणजे फोरक्लोजरचा चार्ज ४ टक्के धरला तर १३,६१६, त्यावर १८ टक्के जीएसटी २,४५१. म्हणजे १६ हजार देऊन ७८ हजार वाचतात. इथे घाई करायला हरकत नाही.

तेच ४८ हप्ते भरून झाल्यावर मुद्दल उरतं १,२९,६०० च्या आसपास आणि व्याज उरतं फक्त १०,००० रुपये, कारण व्याजाचा मोठा वाटा आधीच्या हप्त्यांतच जाऊन बसलेला असतो. चार्ज आणि जीएसटी मिळून ६,१०० जातात, हातात राहतात ३,९०० रुपये. त्यासाठी साडेसहा टक्क्यांची एफडी मोडलीत तर ते ३,९०० रुपयेही तिच्या बुडालेल्या व्याजात जातात.

चार्ज किती हे काउंटरवर विचारू नका, मंजुरीपत्रात आणि की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये बघा. बहुतेक पर्सनल लोन फिक्स्ड दराची असतात, म्हणून चार्ज लागतो. काही ठिकाणी सुरुवातीचे ६ किंवा १२ हप्ते संपेपर्यंत फोरक्लोजर करूच देत नाहीत. पण कागदावर दर रेपोशी किंवा एमसीएलआरशी जोडलेला, म्हणजे बदलता दिसला आणि कर्ज धंद्यासाठी नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेला हा चार्ज घेता येत नाही. पगार जमा होतो त्या सरकारी बँकेतून कर्ज घेतलेल्यांनी हे आवर्जून तपासावं.

आता वेळेचं बघूया. हप्ता ५ तारखेला जात असेल तर तो खात्यातून गेल्याची खात्री करून ७-८ तारखेला फोरक्लोजर स्टेटमेंट मागा. लेखी अर्ज, कर्ज खाते क्रमांक, पॅन आणि ओळखपत्राची प्रत एवढं पुरतं. म्हापशाच्या नाहीतर मडगावच्या शाखेत "हे काम मुंबईहून होतं" असं सांगतील. ते खरंही असतं, पण अर्जाची पोच शाखेतूनच घ्या. स्टेटमेंटवर रक्कम कोणत्या तारखेपर्यंत चालेल आणि रोजचं व्याज किती, हे दोन्ही लिहिलेलं हवं. वरच्या उदाहरणात पहिल्या वेळचं रोजचं व्याज सुमारे १३० रुपये होतं.

सगळा घोटाळा होतो तो इथे. रक्कम १० तारखेची आणि चेक वटला १२ तारखेला, म्हणजे २६० रुपये कमी पडले. सिस्टिम मग कर्ज बंद करत नाही. तुमची रक्कम पार्ट पेमेंट म्हणून पडते किंवा नुसती जमा राहते, आणि पुढच्या ५ तारखेला हप्ता परत कापला जातो. चवथीचे दोन दिवस बँक बंद असते, तेव्हा तर चेक देऊच नका. आरटीजीएस किंवा रक्कम दोन लाखांहून कमी असेल तर एनईएफटी करा आणि त्या व्यवहाराचा यूटीआर नंबर जपून ठेवा. महिनाअखेरीस पैसे भरणंही टाळा, कारण पुढच्या हप्त्याची मागणी आधीच पाठवलेली असू शकते. जादा गेलेला हप्ता परत मिळतो, पण पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो.

पैसे भरल्याची पावती म्हणजे क्लोजर लेटर नव्हे. पत्रात कर्ज खाते क्रमांक, बंद झाल्याची तारीख आणि बाकी शून्य असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. काही बँका नो ड्यूज सर्टिफिकेट वेगळं देतात, काही दोन्ही एकाच पत्रात. वेगळं असेल तर दोन्ही घ्या. "सेटल्ड" असा शब्द दिसला तर पत्र तिथल्या तिथे परत करा. त्याचा अर्थ बँकेने कमी रकमेवर तडजोड केली, आणि पुढे घरासाठी कर्ज मागाल तेव्हा तोच शब्द आडवा येतो. सोबत खात्यातून आपोआप हप्ता कापण्याचा मँडेट रद्द झाल्याचं लेखी घ्या आणि दिलेले सिक्युरिटी चेक परत मागा. कर्जासोबत एकरकमी हप्त्याचा विमा गळ्यात मारला असेल तर उरलेल्या मुदतीचे पैसे मिळतात का, तेही विचारा. आपणहून कुणी सांगत नाही.

महिन्याभराने सिबिलचा रिपोर्ट काढून बघा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. खातं अजून चालू दिसत असेल तर क्लोजर लेटर जोडून सिबिलकडे आणि बँकेकडे तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज करा. त्याला पैसे लागत नाहीत. यूटीआर, फोरक्लोजर स्टेटमेंट आणि अर्जाची पोच एवढं मात्र जोडायला हवं.