रद्दी, भीती आणि मागच्या बाजूची हमाली

«साहेब, त्या दिवशीचं तुमचं भाषण ऐकलं. खरेदीचं प्रत्येक बिल जीएसटी पोर्टलच्या टू-बी मध्ये दिसतंच, मग कागदाची रद्दी सहा-सहा वर्षं जपायची कशाला? कंपोझिशनवाल्याला तर क्रेडिटच नाही. तुम्हा सीए लोकांचा धंदाच भीतीवर चालतो. — इतवारीतला एक दुकानदार»

भाऊ, सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण तेच लागलं. मी वीस मिनिटं बोललो. फी घेतली नाही, व्हिजिटिंग कार्ड वाटलं नाही. चहा तुमच्या असोसिएशनचा होता, तोही मी अर्धाच प्यायलो. मला भीतीवर धंदा करायचा असता तर मी सांगितलं असतं, फेकून द्या सगळी बिलं. बिलं लावून ठेवणाऱ्या दुकानदाराकडून वर्षाला जे मिळतं, त्यापेक्षा बिलं हरवलेल्याच्या एका नोटिशीच्या उत्तराला जास्त मिळतं. आणि एवढं बोलायचं होतं तर नाव लिहायला काय हरकत होती? 'एक दुकानदार' म्हणून इतवारीत हजारजण सापडतील.

एक मान्य करतो. भाषणात मी 'प्रत्येक कागद जपा' असं म्हणालो, ते सैल बोलणं झालं. हिशेब आणि बिलं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवलेली कायद्याला चालतात. थर्मल प्रिंटरचं बिल तर कागदावर ठेवूच नका. नागपूरच्या मे महिन्यात गल्ल्याच्या वरच्या खणात ठेवलेलं असलं बिल दिवाळीपर्यंत कोरं होतं. आलं त्या दिवशी फोटो काढा. दोन्ही बाजूंचा. मागची बाजू कशाला, ते पुढे येतंच आहे.

आता टू-बी, म्हणजे पोर्टलवरची तुमच्या खरेदीच्या बिलांची यादी. ती दर महिन्याच्या चौदा तारखेला तयार होते आणि त्यात असतं ते पुरवठादाराने भरलेलं: त्याचा नंबर, बिलाचा नंबर, तारीख, रक्कम, कर. पाइप आले की नळाच्या तोट्या, किती आल्या, तुमच्या दुकानात उतरल्या की नाही, यातलं काहीही त्यात नसतं. जीएसटी कायद्याच्या कलम १६(२) मध्ये क्रेडिटच्या, म्हणजे खरेदीवर दिलेला कर आपल्या करातून वजा करण्याच्या, अटी आहेत. टू-बी ची अट त्यात आली ती १ जानेवारी २०२२ पासून, पण ती आधीच्या अटींच्या जागी आली नाही, त्यांच्या जोडीला आली. बिल तुमच्या ताब्यात हवं आणि माल तुम्हाला मिळालेला हवा, या अटी १ जुलै २०१७ पासून जिथल्या तिथे आहेत. आणि क्रेडिट बरोबर घेतलं हे सिद्ध करायचं ओझं कलम १५५ ने क्रेडिट घेणाऱ्यावर टाकलंय, म्हणजे तुमच्यावर.

माझ्याकडचीच एक फाईल सांगतो. इतवारीतलंच दुकान, पाइप आणि सॅनिटरीचं. ऑक्टोबर २०२० मध्ये यांनी एका घाऊक व्यापाऱ्याकडून तीन वेगवेगळ्या दिवशी पीव्हीसी पाइप घेतले. प्रत्येक बिल ८०,००० चं, त्यावर १८ टक्के, म्हणजे ९४,४००. तिन्हींचं मिळून क्रेडिट ४३,२००. बिलं रीतसर पोर्टलवर दिसत होती. चार वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये डीआरसी-०१, म्हणजे करमागणीची नोटीस, आली. त्या व्यापाऱ्याची नोंदणी मधल्या काळात रद्द झाली होती आणि ती मागच्या तारखेपासून, १ सप्टेंबर २०२० पासून. म्हणजे कागदोपत्री आमच्या माणसाने नोंदणी नसलेल्याकडून माल घेतला. ४३,२०० परत करा, वर वर्षाला १८ टक्के व्याज. व्याजच वर्षाला ७,७७६.

पोर्टलवरची एंट्री दाखवून इथे काय साधलं असतं? अधिकाऱ्याचं म्हणणंच हे होतं की एंट्री आहे, माल नाही. ई-वे बिलही नव्हतं, कारण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ते एक लाखाच्या वर लागतं आणि प्रत्येक बिल त्याच्या आतलं.

मग फाईल काढली. तिन्ही बिलांच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं: हमाली ३५०, तीनचाकीचा नंबर, नग किती. हे त्या दुकानदाराच्या वडिलांचं अक्षर. म्हाताऱ्याला जुनी सवय, गाडी उतरली की बिलाच्या पाठीवर टिपायचं. तीच हमाली त्या त्या तारखेला रोजमेळात. पैसे बँकेतून गेलेले. पुढे तेच पाइप ज्या ठेकेदारांना विकले त्यांची विक्रीची बिलं. आणि त्या व्यापाऱ्याने त्या महिन्याचं रिटर्न भरून कर जमा केल्याचंही पोर्टलवर निघालं. हे सगळं एकावर एक ठेवून उत्तर दिलं, सुनावणीला मूळ बिलं नेली. मागणी रद्द झाली.

त्याच व्यापाऱ्याचा दुसरा गिऱ्हाईक दोन दुकानं सोडून. त्याच्याकडे टू-बी ची प्रिंट आणि कॉम्प्युटरमधली एंट्री, बाकी काही नाही. बिलं गाळा बदलताना गेली. त्याच्याविरुद्ध आदेश निघाला. वादातल्या कराचे दहा टक्के भरून आता अपिलात आहे.

आणि नुसतं बिल म्हणजे कवचकुंडलं, असंही मी म्हणालो नव्हतो. मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कर्नाटकच्या व्हॅटच्या एका कॉफी व्यापाराच्या प्रकरणात सांगितलं, बिल आणि चेक एवढ्यावर भागत नाही, माल हलल्याचं दाखवा: गाडी, भाडं, पोच. पुरवठादाराने करच बुडवला असेल तर बिल असूनही क्रेडिट जाऊ शकतं. पण व्यवहार खरा होता हे कागदांवरून दिसलं, तर प्रकरण फसवणुकीच्या कलमात ढकलणं अवघड जातं. तिथे दंड कराइतकाच असतो. याला तुम्ही रद्दी म्हणता.

भीतीबद्दल आणखी एकच. आमचं नागपूरच्या महाल भागात किराणा दुकान होतं. विक्रीकराच्या काळात नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाच्या पुनर्विक्रीवर वजावट मिळायची, पण खरेदीचं बिल दाखवलं तर. बाबांची बिलं पत्र्याच्या पेटीत, पेटी माळ्यावर, माळा गळका. शाई पसरून सगळा निळा लगदा झाला होता. इतवारीच्या घाऊकवाल्याने एकदा भरलेला कर बाबांनी पुन्हा भरला. मी दहावीत होतो. त्या दिवाळीला दुकानाला रंग लागला नाही. तेव्हा भीती काय असते ते मला कमेंटमध्ये शिकवू नका.

कंपोझिशनचं, म्हणजे छोट्या दुकानदाराने उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायच्या स्कीमचं म्हणाल, तर क्रेडिट नाही, कबूल. पण उलाढाल वाढून नेहमीच्या स्कीममध्ये आलात, की त्याच्या आदल्या दिवशी शिल्लक असलेल्या मालावर क्रेडिट मिळतं, तेही वर्षाच्या आतलं बिल असेल तरच. त्यावर वेगळं लिहीन, आत्ता दम नाही.

राहिली तुमची 'सहा-सहा वर्षं'. तीही बिलाच्या तारखेपासून सहा नाहीत. वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. २०२४-२५ ची तारीख होती ३१ डिसेंबर २०२५, म्हणजे एप्रिल २०२४ चं बिल ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. प्रकरण अपिलात असेल तर त्याहून पुढे. तुमच्या शेजारी गाळा बदललेला जो आहे ना, त्याला विचारा. तो नाव सांगेल.