चुकीच्या पाटलांस सप्रेम नमस्कार

ईमेल भलत्याच माणसाला पाठवायचा असेल तर पहिलं पथ्य हे, की पत्ता सगळ्यात आधी भरावा. भित्री माणसं आधी मजकूर लिहितात, दोनदा वाचतात, जोडायची फाइल जोडतात आणि शेवटी ‘To’च्या रकान्यात हात घालतात. पत्ताच नसल्यामुळे त्यांचा अर्धवट मेल चुकून निघाला तरी कुठेच जात नाही. असल्या माणसांच्या हातून आयुष्यात काही घडत नाही. तुम्ही पत्ता आधी भरा, मग डोकं तापवा, मग लिहा.

दुसरं पथ्य म्हणजे पत्ता पूर्ण टाइप करू नका. दोन-तीन अक्षरं मारली की खाली नावं सुचवली जातात. ती नावं काही तुमच्या मनातलं ओळखून येत नाहीत. ज्यांना तुम्ही पूर्वी मेल केलेत ते पत्ते साठवलेले असतात, त्यातून ती येतात. पण वरचं नाव तेच आपलं, असं समजून एंटर दाबावं. एवढं केलंत की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं तुमच्या ऑफिसात एकाच आडनावाची किती माणसं आहेत यावर अवलंबून असतं, आणि त्या बाबतीत नवी मुंबईकर नशीबवान आहेत. इथे कुठल्याही मजल्यावर उभं राहून ‘पाटील’ अशी हाक मारा, चार खुर्च्या वळतात.

महापे एमआयडीसीतल्या एका ऑफिसचं उदाहरण घेऊ. कंपनीचं नाव सोडून द्या, माणसं १४०. जनरल मॅनेजर सुरेश पाटील आधीपासूनचे, म्हणून त्यांचा पत्ता `s.patil`. अकाउंट्समधले संदीप पाटील नंतर आले, म्हणून ते `s.patil2`. आयटीवाल्यांनी हा दोनचा आकडा लावताना कंपनीचं भवितव्य ठरवलं, पण त्यांच्या लक्षात आलं नाही. ॲडमिनमधल्या प्राचीने एका सोमवारी जेवणानंतर संदीपला चार ओळी लिहिल्या. मूळ पत्रव्यवहार मोडक्या इंग्रजीत आणि रोमन मराठीत आहे; वाचकांच्या डोळ्यांची काळजी म्हणून देवनागरीत देतो.

प्रति: `s.patil`
विषय: सहल
संदीप, पत्रक वाचलंस? यंदा अलिबाग रद्द, कर्नाळा अभयारण्य. जेवण म्हणजे पॅकिंगचे वडापाव. कारण काय तर काटकसर. आपण बसने धक्के खात जायचं आणि साहेब मागून इनोव्हाने येणार. आणि पक्षी बघायला कर्नाळ्याला कशाला न्यायचं? केबिनमध्ये घुबड आहेच की. वाचून डिलीट कर.

‘वाचून डिलीट कर’ हे शेवटचं वाक्य विसरू नका. त्याने मेल डिलीट होत नाही, पण पुढे ज्याच्या हातात पडतो तो मन लावून वाचतो.

चूक कळली की शांत बसायचं नाही. मेल परत घ्यायचा. आउटलुकमध्ये त्यासाठी ‘Recall This Message’ अशी सोय आहे. नव्या क्लाउडवरच्या व्यवस्थेत ती बरीच सुधारली आहे, त्यामुळे ही युक्ती करायची तर ऑफिसचा सर्व्हर जुना हवा. जुन्या पद्धतीत मेल परत येण्यासाठी समोरचा तुमच्याच कंपनीच्या सर्व्हरवर हवा, त्याने मेल उघडलेला नसावा, आणि तो कॉम्प्युटरवरच्या आउटलुकमध्येच बघत असावा. हे जमलं नाही, तर त्याला एक दुसरा मेल जातो, की अमुक यांना आपला आधीचा मेल परत घ्यायचा आहे. साहेबांच्या डब्यात त्या दुपारी न वाचलेले मेल ढिगाने होते. ‘सहल’ हा विषय बघून त्यांनी तो मेल बाजूला टाकला होता, आणि बहुधा कायमचा टाकला असता. पण प्राचीला तो परत हवा आहे म्हटल्यावर फोनवर त्यांनी तोच पहिला उघडला. (जीमेलवाल्यांनी या सुखाची आशा धरू नये. तिथे परत बोलावणं नाहीच. पाठवण्याआधी तो मेल फक्त पाच ते तीस सेकंद थांबवून धरतात. पाचाचे तीस करायची सोय सेटिंगमध्ये आहे. करू नका.)

तोपर्यंत प्राचीने आणखी एक शहाणपणा केला. पुन्हा असं होऊ नये म्हणून सुचवलेल्या नावांच्या यादीत साहेबांच्या पत्त्यापुढची फुली दाबून तो कायमचा काढून टाकला. ही फुली लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

साहेब हा मुळात भला माणूस. ओरडले नाहीत, केबिनमध्ये बोलावलं नाही. त्यांनी तो मेल एचआरच्या मीना मॅडमना पुढे पाठवायचं ठरवलं. इथे तिसरं पथ्य येतं: फॉरवर्ड करताना खाली काय काय लोंबतंय ते बघू नये, आणि वर कोण बसलंय तेही बघू नये. मीना मॅडमचा पत्ता `hr`. सुट्ट्यांची आणि रक्तदान शिबिरांची पत्रकं ज्या यादीवरून सगळ्यांना जातात ती `hr-all`. साहेबांनी दोन अक्षरं मारली आणि एंटर दाबलं.

प्रति: `hr-all`
विषय: FW: सहल
मीना मॅडम, खालचं वाचा. घुबडाचं मी मनावर घेत नाही. मुलगी कामाला चांगली आहे, तिला आत्ता काही बोलू नका. तसंही एप्रिलपासून आपण तळोज्याला जाणार आहोत. ठाण्याहून येणारे निम्मे लोक स्वतःहूनच सोडतील, म्हणजे कुणाला काढण्याचा प्रश्न येणार नाही. हे मात्र बाहेर जाऊ देऊ नका. आणि एक दुरुस्ती नोंदवून घ्या: इनोव्हा माझी नाही. माझी वॅगनआर आहे.

हा मेल १४० जणांना गेला. बढत्या, बदल्या, स्थलांतरं यांच्या बातम्या कर्मचाऱ्यांना वेळेवर मिळत नाहीत अशी तक्रार सगळीकडे असते. या ऑफिसात ती एका एंटरमध्ये मिटली.

आता वाचकाने आपला वाटा उचलायचा आहे. भलत्याच यादीवर आलेला मेल दिसला की तो नुसता मिटवून टाकणं हा अपराध आहे. ‘Reply All’ दाबून सगळ्यांना कळवा, की हा मेल तुमच्यासाठी नव्हता. दुसऱ्याने मग सगळ्यांना कळवावं, की कृपया सगळ्यांना उत्तर देऊ नका. तिसऱ्याने त्याला अनुमोदन द्यावं. वीस सभ्य माणसांनी एकेक ओळ लिहिली तरी १४० जणांच्या डब्यांत मिळून २,८०० मेल पडतात. ही परंपरा चांगली जुनी आहे. ऑक्टोबर १९९७मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये ‘बेडलॅम डीएल-३’ नावाच्या यादीवर कुणीतरी आपलं नाव काढायला सांगितलं. त्या यादीत हजारो कर्मचारी होते, आणि ‘माझंही काढा’ म्हणणाऱ्यांच्या उत्तरांनी मेलची यंत्रणा आडवी झाली. ईमेलचं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचं हे झालं, मग महाप्याने का लाजावं?

प्रति: `hr-all`
मला या यादीतून काढा. मी डिस्पॅचला आहे, मला सहलीला घेतलेलंच नाही.

प्रति: `hr-all`
सर्वांना विनंती, सर्वांना उत्तर देऊ नये.

प्रति: `hr-all`
ठाण्याहून मी घणसोलीला उतरून शेअर रिक्षाने येतो. तळोज्याला जायचं तर बेलापूरपर्यंत लोकल, मग पेंधरपर्यंत मेट्रो, आणि पुढे? कंपनीची बस आहे का? असेल तर ती कर्नाळ्याच्या बसपेक्षा बरी असावी.

प्रति: `hr-all`
मी कामोठ्याला राहतो. निर्णयाचं स्वागत! आमच्या बिल्डिंगमध्ये दोन फ्लॅट रिकामे आहेत. भाडं वाजवी. ब्रोकर नाही.

प्रति: `hr-all`
घुबड हे लक्ष्मीचं वाहन आहे. अपमान म्हणून कुणी घेऊ नये.

हे सगळं टाळायला फार काही लागलं नसतं. त्या यादीवर कोणी मेल टाकायचा याला सर्व्हरवर बंधन घालता येतं. परवानगी फक्त एचआरला ठेवली असती, तर साहेबांचा मेल दारातूनच परत आला असता. किंवा यादी ‘Bcc’त ठेवायचा दंडक असता, तर ‘Reply All’ दाबणाऱ्याचं उत्तर एकट्या पाठवणाऱ्याला गेलं असतं. शिवाय आउटलुकमध्ये नियम लावून प्रत्येक मेल एक-दोन मिनिटं उशिरा निघेल असं करता येतं, आणि शहाणपण बहुतेकांना एंटरनंतर त्या एक-दोन मिनिटांतच सुचतं. आयटीकडे या तिन्ही सूचना पूर्वीच गेल्या होत्या. त्या कुणाकडे गेल्या याचा तपास चालू आहे.

साडेपाचला प्राचीने राजीनामा लिहिला. त्या दिवसातला हा एकच मेल, जो तिला खरोखर साहेबांना पाठवायचा होता. तिने `s.p` टाइप केलं. फुली दाबून साहेबांचा पत्ता तिने स्वतःच काढून टाकलेला, त्यामुळे खाली एकच पाटील सुचले. चौथं पथ्य हेच: चूक सुधारायची ती अशी सुधारावी, की पुढची चूक करायला वेगळे कष्ट पडू नयेत.

प्रति: `s.patil2`
विषय: राजीनामा
आदरणीय सर, आज जे घडलं त्याबद्दल मनापासून माफी मागते. आपण माझ्या कामाबद्दल चांगलं लिहिलंत, ते वाचून जास्तच वाईट वाटलं. नोटीस पिरियड पूर्ण करेन. कृपया राजीनामा स्वीकारावा. आपली नम्र, प्राची.

साहेब मंगळवारी सकाळी लिफ्टमध्ये भेटले. हसून ‘काय, कर्नाळ्याला येणार ना?’ एवढंच म्हणाले. प्राचीला हे मोठं मन वाटलं. वर आली तर उत्तर येऊन पडलं होतं.

प्रति: `prachi`
विषय: RE: राजीनामा
प्राची, तुझा राजीनामा मिळाला. मला ‘आदरणीय सर’ आजवर कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून दोनदा वाचला. पण मी अकाउंट्सचा, मला तो स्वीकारता येत नाही. साहेबांना अजून मिळालेला नाही, म्हणजे नियमाने तू नोकरीत आहेस, आणि हा महिना पगार निघेल. तरी तुझा अखेरचा हिशेब किती निघतो ते काढून सोबत जोडलं आहे. साठलेली रजा धरली आहे. आकडा बघून मग काय ते ठरव. आणि सहलीचं नक्की काय झालं? सगळे घुबड-घुबड करतायत. `hr-all`चे मेल मी न उघडताच मिटवतो, आणि वेगळं मला कुणी काही कळवलंच नाही.
संदीप
ता. क. फाइल चुकून दुसरीच जोडली गेली. उघडली नसशील तर उघडू नकोस. उघडली असशील तर त्या इनोव्हाचं दरमहा भाडं कोणत्या खर्चात टाकलंय, हे मी तुला सांगितलेलं नाही.