म्हशीच्या दोन वेतांतील अंतर: एका दाव्याचा प्रतिवाद

दावा : "म्हैस दोन वर्षांतून एकदाच विते, तो तिचा स्वभावच आहे. उन्हाळ्यात ती माजावर येत नाही आणि लवकर गाभण राहिली तर दूध आटते."

स्वभावाची बाजू हिशेबाने तपासू. गर्भकाळ सुमारे ३१० दिवसांचा असतो आणि तो आपल्याला कमी करता येत नाही. मात्र ७४५ दिवसांनी विणारी म्हैस ४३५ दिवस रिकामी राहिलेली असते. असे एक वेत उदाहरणादाखल उलगडून पाहू. व्यायल्यानंतरचे साधारण ६० दिवस गर्भाशय पूर्ववत होण्यात जातात, आणि ते आवश्यकच आहेत. पुढचे १५० दिवस उन्हाळ्यात माज न दिसता गेले. २१०व्या दिवशी रेतन झाले, त्यानंतर माज दिसला नाही म्हणून म्हैस गाभण समजली गेली आणि ३६०व्या दिवशी ती रिकामी निघाली. उरलेले ७५ दिवस पुन्हा माज पकडून गर्भ राहण्यात गेले. रेतनानंतर ६० दिवसांनी तपासणी झाली असती, तर याच वेतात ९० दिवस वाचले असते.

उन्हाळ्यातील माज बहुधा मुका असतो. म्हैस ओरडत नाही, बळस थोडा व पातळ पडतो, आणि लक्षणे रात्री किंवा पहाटे दिसून सकाळी विरतात. म्हणून पहाटे व रात्री उशिरा गोठ्यात फेरी मारून वारंवार लघवी, सुजलेली योनी आणि अचानक घटलेले दूध पाहावे. शक्य असल्यास नसबंदी केलेला रेडा फिरवावा; त्याच्याइतकी खात्रीची खूण दुसरी नाही. सावली, अंगावर पाणी किंवा डुंबण्याची सोय केल्यास उष्णतेचा ताण कमी होतो. पहाटे माज दिसल्यास संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे.

तरीही ९० दिवसांपर्यंत माज न दिसल्यास पशुवैद्यकाकडून बीजांडे तपासून घ्यावीत, कारण इथे दोन अगदी वेगळ्या अवस्था असतात. बीजांडावर पीतपिंड, म्हणजे बीज सुटल्यावर तिथे तयार होणारी पिवळसर गाठ, असेल तर म्हैस माजावर येत असूनही तो आपल्या नजरेतून सुटत आहे; तिला प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन दिल्यास बहुधा दोन ते पाच दिवसांत माज येतो. (गाभण म्हशीला तेच इंजेक्शन गर्भपात घडवू शकते, म्हणून तपासणीशिवाय ते कधीही देऊ नये.) बीजांडे गुळगुळीत, निष्क्रिय असतील तर या इंजेक्शनाचा उपयोग नाही. तिथे खुराक, खनिज मिश्रण आणि जंतनिर्मूलन यांपासून सुरुवात करावी लागते. व्यायल्यावर झपाट्याने खंगलेल्या म्हशी बहुधा याच गटात सापडतात.

दुधाची भीती समजण्यासारखी आहे, पण गर्भाचा दुधावर ठळक परिणाम साधारण पाचव्या महिन्यानंतर जाणवतो. व्यायल्यानंतर १०० दिवसांनी गाभण राहिलेली म्हैस ४१० दिवसांनी विते. तिने ३०० दिवस दूध दिले तर ११० दिवस भाकड जातात. तेवढेच दूध देऊन ७४५ दिवसांनी विणारी म्हैस ४४५ दिवस भाकड उभी राहते, आणि चारा तिला रोजच लागतो.